थोरल्याला काही मिळू नये : कोथरूडमधल्या एका मृत्युपत्राची गोष्ट

2016 च्या फेब्रुवारीत एक काका माझ्या वकिलीच्या ऑफिसात आले. वय 72, पिंपरीतल्या एका कारखान्यातून 2002 साली निवृत्त झालेले. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेलं एक वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. 2009 सालची जाहीर नोटीस होती ती. थोरल्या मुलाशी आमचा कोणताही संबंध राहिलेला नाही, त्याला आम्ही आमच्या सर्व स्थावर-जंगम मिळकतीतून बेदखल करत आहोत, त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही, असा मजकूर. काका म्हणाले, "मॅडम, हे तर मी तेव्हाच करून टाकलंय. धाकटा म्हणतो मृत्युपत्रही करा. खरंच गरज आहे का?"

गरज होती. ते कात्रण वारसाहक्काच्या दृष्टीने कोऱ्या कागदाइतकंच मोलाचं होतं. अशा नोटिशीने फार तर एवढं होतं की मुलाच्या देण्यांसाठी सावकार बापाच्या दारात आला तर बाप ती दाखवू शकतो. नोटीस देऊन मुलाचं वारसपण जात नाही. काका मृत्युपत्र न करता गेले असते, तर हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 8 प्रमाणे थोरला, धाकटा आणि मुलगी या तिघांना सारखा वाटा मिळाला असता. बारा वर्षं तोंड न पाहिलेला मुलगाही त्या यादीत पहिल्या वर्गाचाच वारस असतो. पुण्यात अशी कात्रणं देवघराच्या खणात ठेवून निर्धास्त झालेले आईवडील मी कितीतरी पाहिले आहेत, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, कायद्याचा गुंता तसाच ठेवला आहे.

थोरल्याबद्दलची तक्रार नेहमीची होती, पण खोटी नव्हती. 2004 ते 2008 या काळात त्याने धंद्यासाठी वडिलांकडून तीन वेळा रकमा घेतल्या, आईचे दागिने गहाण टाकले आणि ते कधी सोडवले नाहीत. 2009 मध्ये भांडण होऊन तो घर सोडून गेला. 2011 साली आई गेली तेव्हा तो वैकुंठ स्मशानभूमीत आला आणि तिथूनच परत गेला. काकांच्या मनात एकच गोष्ट होती, "त्याला माझा एक पैसाही मिळता कामा नये."

मी त्यांना विचारलं, "काका, तुमचं असं नक्की काय काय आहे?" ते जरा चिडले. पण या विषयातला पहिला प्रश्न हाच असतो. आपल्याकडे सज्ञान, शुद्धीवर असलेला हिंदू माणूस स्वतःच्या मिळकतीचं मृत्युपत्राने हवं ते करू शकतो. सगळी मिळकत एका मुलाला देऊ शकतो, परक्याला देऊ शकतो, देवस्थानाला देऊ शकतो. सज्ञान आणि धडधाकट मुलाला बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत बाप जिवंत असताना कसलाच हक्क नसतो, आणि मृत्युपत्राने वगळल्यावर नंतरही नसतो. नातवालाही नसतो. मर्यादा एवढीच की हा अधिकार 'माझं' या शब्दाच्या कुंपणाबाहेर जात नाही. काकांना जे सगळं आपलंच वाटत होतं, त्यातला बराच भाग त्यांचा नव्हता.

त्यांच्या यादीत तीन गोष्टी होत्या : कोथरूडचा फ्लॅट, पुरंदर तालुक्यातली चार एकर जिरायत जमीन आणि निवृत्तीच्या पैशांच्या मुदत ठेवी.

ठेवींचा प्रश्नच नव्हता. पगारातून साचलेला फंड, ग्रॅच्युइटी, त्यावरचं व्याज, सगळं निखळ त्यांचं. ठेवींवर धाकट्याचं नाव नॉमिनी म्हणून होतं आणि काकांना वाटत होतं की म्हणजे त्या त्यालाच मिळणार. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा माणूस, मालक नव्हे. मालक कोण हे मृत्युपत्र ठरवतं आणि ते नसेल तर वारसा कायदा.

जमिनीचा सातबारा त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. म्हणून ते ठामपणे म्हणाले, "माझीच आहे." मी त्यांना सासवडला जाऊन जुने फेरफार काढायला सांगितले. पंधरा दिवसांनी ते नक्कल घेऊन आले. त्यात 1954 सालची वारसनोंद होती. काकांचे वडील वारले, काका तेव्हा दहा वर्षांचे, आई आधीच गेलेली, दुसरं भावंड नाही. नोंदीत काकांच्या नावापुढे 'अ.पा.क.' आणि मामांचं नाव. अज्ञान पालनकर्ता मामा. त्या तीन अक्षरांवर बोट ठेवून काका बराच वेळ बसले होते. मामांनीच त्यांना वाढवलं होतं.

मी मात्र वर्ष बघत होते. हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 ला लागू झाला. त्याआधी बापाकडून मुलाकडे आलेली मिळकत जुन्या मिताक्षरा नियमाप्रमाणे मुलाच्या हातात वडिलोपार्जित ठरते, म्हणजे त्याच्या पोटी मूल जन्मलं की त्या मुलाचा जन्मतःच त्यात हिस्सा निर्माण होतो. हेच वडील 1956 नंतर वारले असते आणि जमीन त्यांनी स्वतः घेतलेली असती, तर ती कलम 8 प्रमाणे काकांकडे त्यांची स्वतःची म्हणून आली असती आणि त्यांच्या मुलांना जन्मतः काही मिळालं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये चंदर सेन प्रकरणात हे स्पष्ट केलं. 'आजोबांकडून आली म्हणजे वडिलोपार्जित' असं गावोगाव म्हटलं जातं ते त्यामुळे निम्म्या वेळा चुकीचं असतं. आजोबा कधी गेले आणि त्यांच्याकडे ती कशी आली, हे पाहिल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. इथे दोन वर्षांच्या फरकाने सगळं बदललं होतं.

म्हणजे त्या चार एकरांत 2016 साली चार सहहिस्सेदार होते : काका, थोरला, धाकटा आणि मुलगी. मुलीचा हक्क 2005 च्या दुरुस्तीने आला, आणि तोही मुलासारखाच जन्मापासूनचा असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात ठरवलं. प्रत्येकाचा एक चतुर्थांश, ढोबळमानाने एकेक एकर. वडिलोपार्जित मिळकतीतला स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा कलम 30 देतं, त्यामुळे काका आपला एक एकर कोणालाही देऊ शकत होते. थोरल्याच्या एकराला मात्र त्यांचा हात पोचत नव्हता.

खरा धक्का फ्लॅटने दिला. काकांना वाटत होतं की निदान हा तरी संपूर्ण माझा. 1996 चा नोंदणीकृत करारनामा मी मागवला. त्यावर दोन खरेदीदार होते, काका आणि काकू. काकू शाळेत शिक्षिका होत्या. गृहकर्ज दोघांच्या नावावर होतं, आणि बँकेच्या उताऱ्यात काकूंच्या पगाराच्या खात्यातून वर्षानुवर्षं हप्ते गेलेले दिसत होते. तेव्हा अर्धा फ्लॅट काकूंचा होता, नावापुरता नव्हे, कमाईने.

काकू 2011 साली मृत्युपत्र न करता गेल्या. कलम 15 प्रमाणे विवाहित हिंदू स्त्रीची स्वतःची मिळकत नवरा आणि मुलं यांना सारखी जाते. तिच्या अर्ध्या भागाचे चार वाटे झाले, म्हणजे काका, थोरला, धाकटा आणि मुलगी यांना प्रत्येकी एक अष्टमांश. काका 2009 साली नोटीस देऊन बसले होते, आणि दोन वर्षांनी थोरला आईच्या बाजूने त्याच फ्लॅटचा आठव्या हिश्श्याचा मालक झाला होता. कोणी काही लिहिलं नाही, कोणी सही केली नाही, सोसायटीत नोंदही नाही. मृत्यूच्या क्षणी हक्क उतरला.

"ती असती तर तिने त्याला दिलंच असतं," काका शेवटी म्हणाले. मग थोडा वेळ थांबून, "तिचं आता काही करता येत नाही ना?" नव्हतंच येत. गेलेल्या माणसाचं मृत्युपत्र कोणी दुसरा करू शकत नाही. थोरल्याने आपणहून नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं असतं तरच तो वाटा परत आला असता, आणि त्याच्याशी बोलायला काका तयार नव्हते. त्यांच्या हातात फ्लॅटचा पाच अष्टमांश होता, स्वतःचा अर्धा आणि काकूंकडून आलेला आठवा.

मग मृत्युपत्र लिहायला घेतलं. धाकट्याने इंटरनेटवरून एक मसुदा आणला होता. त्यात एकच ठळक वाक्य होतं, 'थोरल्या मुलास माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये', आणि पुढे फक्त फ्लॅट धाकट्याला. हा घोळ फार वेळा होतो. वारसाला वगळायचं असेल तर 'त्याला नाही' एवढं म्हणून भागत नाही, ती मिळकत दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागते. जी दिली नाही ती मृत्युपत्राबाहेर राहते, तिला वारसा कायदा लागतो, आणि नकोसा वारस तिथून पुन्हा आत येतो. म्हणून आम्ही प्रत्येक गोष्टीला मालक दिला. फ्लॅटमधला काकांचा हिस्सा धाकट्याला, जमिनीतला त्यांचा एक चतुर्थांश मुलीला, ठेवी दोघांना निम्म्या, आणि पुढे कधी मिळेल किंवा आत्ता आठवत नाही असं उरलेलं सगळं धाकट्याला. हे शेवटचं कलम लोक विसरतात. 2018 मध्ये काकांना कारखान्याच्या जुन्या थकबाकीपोटी मोठी रक्कम मिळाली. ते कलम नसतं तर त्या रकमेत थोरल्याचा तिसरा हिस्सा झाला असता.

थोरल्याबद्दल काय लिहायचं यावर आमचं बराच वेळ चाललं. काकांना सगळा संताप कागदावर उतरवायचा होता. मी अडवलं. कारण न देता वगळलं तरी कायद्याने चालतं, पण न्यायाधीशाला मृत्युपत्र वाचताना हे दिसावं लागतं की या माणसाला आपली तिन्ही मुलं आठवत होती आणि त्याने विचार करून ठरवलं. शिव्याशाप लिहिले की उलट बाजूचा वकील म्हणतो, कोणीतरी कान भरले. शेवटी हे ठरलं : "माझा थोरला मुलगा यास 2004 ते 2008 या काळात मी वेळोवेळी रकमा दिल्या आहेत. त्याचा वडिलोपार्जित जमिनीतील व आईकडून आलेला हिस्सा त्याचा आहे. माझ्या स्वतःच्या मिळकतीतून त्यास काही द्यावे असे मला वाटत नाही. हा निर्णय माझा आहे, मला कोणी सुचवलेला नाही." मधलं वाक्य लिहायला काका दोन दिवस तयार नव्हते. मी त्यांना सांगितलं की जे तुमचं नाही ते देण्याचा प्रयत्न केलात तर जे तुमचं आहे त्यावरही शंका येईल.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरी मी दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करायला लावली, कारण त्या दिवसाचा फोटो, अंगठा आणि तारीख नंतर नाकारता येत नाही. काकांना सांगितलं की धाकट्याला घेऊन येऊ नका. ज्याला मिळकत मिळणार तो गाडी चालवत आणतो, कागद तयार करून घेतो, शेजारी उभा राहतो, हे कोर्टाच्या नजरेत संशयास्पद असतं. काका एकटे रिक्षाने आले. साक्षीदार म्हणून धाकट्याची बायको येणार होती, तिलाही नको म्हटलं. मग त्यांचे नेहमीचे डॉक्टर आणि वाड्यापासूनचे शेजारी, पोस्टातून निवृत्त झालेले, असे दोघं आले. आधी काकांनी प्रत्येक पानावर सही केली, ती दोघांनी पाहिली, मग काकांच्या समोर दोघांनी सह्या केल्या. भारतीय वारसा कायदा, 1925 च्या कलम 63 ला एवढंच लागतं, पण ते लागतंच.

काका 2021 च्या जानेवारीत गेले. 2022 साली थोरल्याने शिवाजीनगरच्या दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लावला. म्हणणं तीन प्रकारचं होतं. फ्लॅट वडिलोपार्जित जमिनीच्या उत्पन्नातून घेतला म्हणून तोही एकत्र कुटुंबाचा. मृत्युपत्र धाकट्याने दबाव आणून करून घेतलं. आणि सख्ख्या मुलाला वगळलं हेच मृत्युपत्र खोटं असल्याचं लक्षण.

पहिल्या मुद्द्यावर कायदा 1954 पासून पक्का आहे. कुटुंब एकत्र आहे एवढ्यावरून मिळकत एकत्र कुटुंबाची ठरत नाही. ती मिळकत घेता येईल इतकं उत्पन्न वडिलोपार्जित मालमत्तेतून येत होतं, हे आधी म्हणणाऱ्याने दाखवावं लागतं. चार एकर जिरायतीत बाजरी आणि हुलगे निघत होते. पगारपत्रकं आणि कर्जाचा उतारा समोर आल्यावर हा मुद्दा उरला नाही.

तिसऱ्या मुद्द्याचंही फार काही झालं नाही. नैसर्गिक वारसाला कमी देण्यासाठीच माणूस मृत्युपत्र करतो, सर्वांना सारखं द्यायचं तर कायदा आहेच. सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या रवींद्रनाथ मुखर्जी प्रकरणात जवळपास हेच म्हटलं आहे. वगळणं ही एकटी गोष्ट संशयाची नसते, ती इतर संशयांसोबत आली की जड होते.

लढाई झाली ती दुसऱ्या मुद्द्यावर, आणि ती लढली पोस्टातून निवृत्त झालेल्या त्या शेजाऱ्यांनी. मृत्युपत्र सिद्ध करण्याचा भार ते पुढे करणाऱ्यावर असतो, आणि संशयाच्या प्रत्येक जागेचं उत्तर त्यालाच द्यावं लागतं, हे 1959 च्या वेंकटाचल अय्यंगार निकालापासून चालत आलं आहे. साक्षीदारांपैकी निदान एक जिवंत असेल तर त्याला कोर्टात उभं करावंच लागतं. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 68 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात 67 आहे. डॉक्टर तोवर परदेशी मुलीकडे गेले होते. राहिले एकटे शेजारी, वय 79.

एक साक्षीदार पुरतो, पण त्याने दोघांच्याही सह्या सिद्ध कराव्या लागतात. जानकी भोईर प्रकरणात नेमकं इथेच मृत्युपत्र पडलं होतं. आलेल्या साक्षीदाराने आपल्या सहीबद्दल सांगितलं, दुसऱ्या साक्षीदाराने सही केली का, कोणासमोर केली, हे त्याच्या साक्षीत आलं नाही. समोरच्या वकिलांना हे पक्कं ठाऊक होतं.

"मृत्युपत्रात काय लिहिलंय ते तुम्ही वाचलं होतं का?"

"नाही."

वकील वळून न्यायाधीशांकडे बघत होते, पण हे उत्तर आमचं काही बिघडवत नव्हतं. साक्षीदार सहीचा असतो, मजकुराचा नव्हे.

"डॉक्टरांनी सही केली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"तिथंच. त्यांचं पेन चालेना, मी माझं दिलं. ते त्यांनी खिशात घातलं, मी मागून घेतलं."

"आणि मयत?"

"ते समोरच्या खुर्चीत. त्यांनीच सांगितलं, डॉक्टर, पेन परत द्या त्यांचं."

ही साक्ष शिकवून येत नाही. दोघांच्या सह्या, काकांची हजेरी आणि काका शुद्धीवर असणं, तिन्ही गोष्टी त्या एका पेनाने सिद्ध झाल्या. त्यांनी जर "मी सही करून निघालो, डॉक्टर नंतर आले असतील" असं म्हटलं असतं, तर नोंदणीचा शिक्काही काकांचं मृत्युपत्र वाचवू शकला नसता. नोंदणीने कागद कधीचा आहे हे कळतं, तो कसा झाला हे साक्षीदारच सांगतो.

प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला वेगळा घ्यावा लागेल का, हा प्रश्न धाकट्याने मला दर तारखेला विचारला, कारण मुंबईच्या नातेवाइकांनी त्याला घाबरवलं होतं. पुण्यात केलेल्या आणि पुण्यातल्याच मिळकतीच्या हिंदू मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं नाही. दाव्यातच ते सिद्ध करता येतं, तसंच झालं.

हे सगळं हिंदू कुटुंबाचं झालं. मुस्लिम व्यक्तीला मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही, आणि वारसाला द्यायचं तर बाकी वारसांची संमती लागते, त्यामुळे तिथे मुलाला पूर्ण वगळणं मृत्युपत्राने होत नाही. गोव्यातही मुलांचा राखीव वाटा असतो. आणि हिंदू कुटुंबातही वगळलेलं मूल अज्ञान असेल किंवा मुलगी अविवाहित असेल, तर 1956 च्या दत्तक आणि पोटगी कायद्याच्या कलम 22 प्रमाणे ज्यांना मिळकत मिळाली त्यांच्याकडून ते पोटगी मागू शकतं. हा थोरला 50 वर्षांचा कमावता माणूस होता, त्याला ती वाट नव्हती.

2025 मध्ये निकाल लागला. मृत्युपत्र सिद्ध. ठेवी आणि थकबाकीत थोरल्याला काही नाही. जमिनीत त्याचा जन्माने आलेला एक चतुर्थांश, मुलीकडे तिचा आणि वडिलांचा मिळून निम्मा, धाकट्याचा एक चतुर्थांश. फ्लॅटमध्ये धाकट्याचे सहा अष्टमांश, मुलीचा एक आणि थोरल्याचा एक. जमीन सरकारी सारा भरणारी, म्हणून तिचं प्रत्यक्ष वाटप करायला हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आणि मोजणीची तारीख अजून यायची आहे.

फ्लॅटच्या आठव्या हिश्श्याची भिंत घालता येत नाही. दोन्ही भावांनी मिळून एक मूल्यमापक नेमला, त्याने 96 लाख किंमत काढली, आणि धाकट्याने थोरल्याला 12 लाख देऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्यायचं ठरलं. त्या दिवशी दोघं निबंधकाच्या कार्यालयात सोळा वर्षांनी एका बाकावर बसले होते. थोरल्याने मृत्युपत्राची नक्कल मागितली आणि आपल्याबद्दलचा परिच्छेद दोनदा वाचला. 'त्याचा हिस्सा त्याचा आहे' या ओळीवर तो थांबला आणि मला विचारलं, "हे बाबांनी स्वतः सांगितलं होतं?"

मी म्हणाले, "दोन दिवस लागले त्यांना. पण सही करण्याआधी ते वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं होतं."